एचपी तेवढाच, तरी मोटर बसत नाही: फूट माउंट, फ्लँज माउंट आणि फ्रेमचा आकडा

तुरीचा हंगाम लागला की अकोला, वाशीम, अमरावतीकडच्या लहान दालमिलांमध्ये एक गोष्ट दरवर्षी घडते. मोटर जळते, बांधायला दिली तर चार दिवस लागतील म्हणून मालक गाडी काढतो, तालुक्याला जातो आणि दुकानात सांगतो, "तीन एचपीची मोटर द्या." दुकानदार तीन एचपीची मोटर देतो. संध्याकाळी फोन येतो: "भाऊ, तीनची होती, तीनचीच आणली, मंग बसत काऊन नाही?"

बसत नाही, कारण एचपी म्हणजे मोटरची ताकद. मोटर कुठे आणि कशी बसेल, हे ठरवणारा आकडा वेगळा असतो आणि तोही नेमप्लेटवरच छापलेला असतो. त्याला फ्रेम म्हणतात. दुकानात जाण्याआधी फ्रेम, माउंटिंग आणि स्पीड या तीन गोष्टी कागदावर असल्या तर परतफेरी होत नाही. खाली जे दिले आहे ते तीन फेज, ४१५ व्होल्टच्या साध्या इंडक्शन मोटरींबद्दल आहे. मोनोब्लॉक आणि सबमर्सिबल पंपांना हा हिशेब लागू नाही, कारण त्यांची मोटर आणि पंप कंपनीने एकमेकांसाठीच बनवलेले असतात. सिंगल फेज मोटरीही यात धरू नका. त्याच एचपीला त्यांची बॉडी बहुधा मोठी असते.

## पायरी १: जुनी मोटर काढण्याआधी काय टिपायचे

मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा आणि मगच हात लावा. गावात फीडर गेलेला असताना काम काढायची सवय असते, आणि लाइट मध्येच येते.

मोटर जागेवर असतानाच चार गोष्टी टिपा. मोटर जमिनीवर उतरली की यातल्या दोन कायमच्या हरवतात.

पहिली, मोटर कशाने धरली आहे. खाली पाय आहेत आणि पायांतून बोल्ट चॅनलमध्ये गेले आहेत, तर ती फूट माउंट. पाय नाहीत आणि शाफ्टच्या बाजूची गोल तबकडी थेट गिअरबॉक्सच्या किंवा मशीनच्या तोंडावर बोल्टांनी आवळली आहे, तर ती फ्लँज माउंट. काही मोटरींना दोन्ही असतात.

दुसरी, ताकद पुढे कशी जाते. पट्ट्याने, कपलिंगने, की मोटरचा शाफ्ट थेट गिअरबॉक्सच्या पोकळ भोकात शिरतो? पुढचे बरेचसे काम या एका उत्तरावर ठरते.

तिसरी, शाफ्टच्या टोकापासून समोरच्या शाफ्टच्या टोकापर्यंतची फट. चौथी, पंख्याच्या जाळीमागे भिंत किंवा खांब किती अंतरावर आहे. फ्रेमचा आकडा शाफ्ट, पाय आणि फ्लँज यांची मापे बांधून देतो, पण मोटरची एकूण लांबी बांधत नाही. नवी मोटर सगळ्या भोकांत बरोबर बसते आणि मागची जाळी भिंतीला टेकते, असे होऊ शकते. टेकली नाही तरी हवा ओढायला जागा उरली नाही, तर मोटर तापणारच.

तपासा: मोबाईलवर तीन फोटो काढा: नेमप्लेटचा, बाजूने पूर्ण जोडणीचा आणि टर्मिनल बॉक्स कोणत्या बाजूला आहे त्याचा.

## पायरी २: नेमप्लेट वाचणे

नेमप्लेटवर फ्रेमच्या रकान्यात ९०एल, १००एल, ११२एम, १३२एस असे काहीतरी लिहिलेले असते. यातला आकडा म्हणजे मोटर पायांवर उभी असताना पायाच्या तळापासून शाफ्टच्या मध्यापर्यंतची उंची, मिलिमीटरमध्ये. ११२एमच्या शाफ्टचा मध्य तळापासून ११२ मिलिमीटरवर असतो, कंपनी कोणतीही असो.

मागचे अक्षर बॉडीच्या लांबीचे आहे: एस आखूड, एम मध्यम, एल लांब. व्यवहारात या अक्षराने पायांच्या पुढच्या आणि मागच्या भोकांमधले अंतर बदलते. १३२एस आणि १३२एमची उंची, शाफ्ट, पायांची रुंदी सगळे सारखे. फक्त हे अंतर एकात १४० आणि दुसऱ्यात १७८. बऱ्याच मोटरींच्या पायाला दोन्ही अंतरांची भोके पाडलेली असतात, त्यामुळे इथे अडचण आली तरी ती छोटी असते.

माउंटिंगच्या रकान्यात बी३ असेल तर फूट माउंट. बी५ म्हणजे मोठ्या फ्लँजची, आरपार भोकांची. बी१४ म्हणजे लहान फ्लँजची, जिच्या भोकांत आटे असतात आणि बोल्ट मशीनच्या बाजूने येऊन मोटरमध्ये शिरतात. बी३५ म्हणजे पाय आणि मोठी फ्लँज दोन्ही. फ्लँजची मोटर शाफ्ट खाली करून उभी बसवलेली असेल तर व्ही१ लिहिलेले दिसेल.

आपल्याकडे पायांच्या मोटरींची मापे आयएस १२३१ मध्ये आणि फ्लँजच्या मोटरींची आयएस २२२३ मध्ये दिलेली आहेत. ही मापे आंतरराष्ट्रीय मापांशी जुळतात, म्हणून कंपनी बदलली तरी चालते. रोज लागणारी मापे एवढीच, सगळी मिलिमीटरमध्ये:

- फ्रेम ८०: शाफ्टचा व्यास १९, बी५ फ्लँजच्या भोकांचे वर्तुळ १६५
- फ्रेम ९०: शाफ्ट २४, वर्तुळ १६५
- फ्रेम १००: शाफ्ट २८, वर्तुळ २१५
- फ्रेम ११२: शाफ्ट २८, वर्तुळ २१५
- फ्रेम १३२: शाफ्ट ३८, वर्तुळ २६५
- फ्रेम १६०: शाफ्ट ४२, वर्तुळ ३००

या यादीत दोन ठिकाणी आकडे पुन्हा आले आहेत. ८० आणि ९० ची फ्लँज एकच, पण शाफ्ट वेगळा. १०० आणि ११२ चा शाफ्टही एकच आणि फ्लँजही एकच, फक्त उंची वेगळी. मला दिसणाऱ्या बहुतेक चुका या दोन जोड्यांमधूनच निघतात, म्हणून पुढे त्यांच्यावर थांबणार आहे.

सावध: स्पीड बघितल्याशिवाय एचपीवरून फ्रेमचा अंदाज बांधू नका. ३ एचपीची मोटर २८८० आरपीएमची असेल तर ती साधारणपणे ९०एल मध्ये येते, १४४० ची असेल तर १००एल मध्ये आणि ९६० ची असेल तर ११२एम मध्ये. म्हणजे "तीन एचपी" एवढेच सांगून आणलेली मोटर तीन वेगवेगळ्या उंचींची असू शकते. फोनवर मला पहिल्यांदा हेच विचारावे लागते.

## पायरी ३: नेमप्लेट नसेल तर मापे कशी घ्यायची

तीन-चार वेळा बांधलेल्या मोटरीवर नेमप्लेट उरत नाही, किंवा रंगाखाली गेलेली असते. आधी पत्र्याने रंग खरवडून बघा. नाहीच सापडली तर माप घ्या.

मोटर सपाट जागेवर ठेवा. लेथचा बेड किंवा जाड लोखंडी प्लेट चालेल. दुकानाची फरशी चालणार नाही. पायांखालची माती आणि रंगाची पापुद्री काढा. आता प्लेटपासून शाफ्टच्या खालच्या कडेपर्यंत मोजा आणि त्यात शाफ्टचा निम्मा व्यास मिळवा. शाफ्ट २८ चा असेल आणि खालची कड ९८ वर आली, तर ९८ अधिक १४, म्हणजे ११२. तीच कड ८६ वर आली तर ८६ अधिक १४, म्हणजे १००.

इथे एक चूक सारखी होते. माणूस व्हर्नियरने फक्त शाफ्ट मोजतो, २८ येतो, आणि त्यावरून फ्रेम सांगतो. वर पाहिले तसे २८ चा शाफ्ट १०० ला पण आहे आणि ११२ ला पण. शाफ्टवरून फ्रेम ठरवायची नाही, उंची मोजायची.

भोकांमधले अंतर मोजताना मध्यबिंदू डोळ्याने धरू नका. एका भोकाच्या डाव्या कडेपासून दुसऱ्याच्या डाव्या कडेपर्यंत मोजा. दोन्ही भोके सारखी असल्यामुळे हेच मध्य ते मध्य अंतर असते.

फ्लँजचे वर्तुळ मोजताना शाफ्ट मध्ये येतो आणि समोरासमोरची भोके नीट मोजता येत नाहीत. चार भोकांची फ्लँज असेल तर शेजारच्या दोन भोकांमधले अंतर मोजा आणि १.४१४ ने गुणा. सुमारे ११६.७ आले तर वर्तुळ १६५ चे. १५२ आले तर २१५ चे. १८७.४ आले तर २६५ चे.

फ्लँजच्या तोंडावर मध्यभागी एक उंचावलेली गोल कड असते. तिला स्पिगॉट म्हणतात. तिचा व्यासही लिहून घ्या: १६५ च्या फ्लँजला तो १३०, २१५ च्या फ्लँजला १८० आणि २६५ च्या फ्लँजला २३० असतो. फ्लँज मोटरचा मध्य ही कड पकडते, बोल्ट नाही. बोल्ट फक्त आवळून धरतात. वर्तुळ जुळले आणि स्पिगॉट जुळला नाही, तर ती मोटर घेऊ नका.

## पायरी ४: दुकानात न्यायची चिठ्ठी

चिठ्ठीवर एका ओळीत लिहा: "३ एचपी, ३ फेज, १४४० आरपीएम, फ्रेम १००एल, बी३, शाफ्ट २८." फ्लँज असेल तर बी३ च्या जागी बी५ आणि पुढे "वर्तुळ २१५, स्पिगॉट १८०". दुकानदाराने मोटर पुढे केली की तिची नेमप्लेट चिठ्ठीशी एकेक शब्द जुळवा. "ही पण बसते" असे कोणी म्हणाले, तर कशात बसते ते विचारा: पट्ट्यात, कपलिंगवर, की गिअरबॉक्समध्ये? तिन्हींची उत्तरे वेगळी असतात.

पट्ट्याची जोडणी असेल तर बरीच मोकळीक मिळते. उंची दहा-वीस मिलिमीटरने बदलली तरी पट्टा ताणून घेता येतो. पायांची भोके नव्याने पाडली आणि पुलीचे भोक शाफ्टला जुळले की काम होते. पिठाच्या गिरणीत आणि कडबा कुट्टीत म्हणूनच वेगळ्या फ्रेमची मोटरही चालून जाते, आणि तिथल्या अनुभवावरून माणूस कपलिंगलाही तेच लावतो. कपलिंगवर ते चालत नाही.

## पायरी ५: एक उदाहरण, तीनच्या जागी पाच

एका लहान दालमिलची जोडणी घेऊ. चॅनलच्या एकाच बेसवर एका बाजूला फूट माउंट मोटर, ३ एचपी, १४४०, फ्रेम १००एल. दुसऱ्या बाजूला गिअरबॉक्स, मध्ये पिन-बुश कपलिंग. गिअरबॉक्सच्या पुढे चेन आणि चेनवर स्क्रू कन्व्हेयर. मोटर हंगामात दुसऱ्यांदा जळली, म्हणून मालक ठरवतो की या वेळी पाचची घालू. ५ एचपी, १४४०, ११२एम आणतो.

घरी आणल्यावर पहिली गोष्ट तो काय करतो? जुन्या मोटरचे अर्धे कपलिंग काढून नव्या शाफ्टवर घालून बघतो. ते अगदी बरोबर बसते, कारण दोन्ही शाफ्ट २८ चे, लांबी ६०, चावी तीच ८ ची. मालकाला वाटते, जमले. इथेच फसगत होते.

मोटर बेसवर ठेवली की कळते, मोटरचा शाफ्ट गिअरबॉक्सच्या शाफ्टपेक्षा १२ मिलिमीटर वर आहे. पायांची आडवी रुंदी १६० च्या जागी १९०, म्हणजे प्रत्येक बाजूला भोक १५ मिलिमीटर बाहेर. पुढच्या आणि मागच्या भोकांमधले अंतर मात्र दोन्हींत १४०, त्यामुळे फॅब्रिकेशनवाला म्हणतो, "भोके लांबवून देतो." शिवाय शाफ्टच्या खांद्यापासून पहिल्या भोकापर्यंतचे अंतर ६३ च्या जागी ७० आहे, म्हणून कपलिंगची फट तीच ठेवायची तर भोके ७ मिलिमीटर मागेही न्यावी लागतात. एवढे सगळे केले तरी ते १२ मिलिमीटर तसेच राहतात. मोटर उंच करता येते, खाली घेता येत नाही.

मग तीन रस्ते उरतात. पहिला, गिअरबॉक्सखाली १२ ची प्लेट घालून तोच वर घ्यायचा. पण मग पुढची चेन बदलते, चेनचा ताण आणि स्प्रॉकेटची रेष पुन्हा जुळवावी लागते. दुसरा, मोटरखालचा चॅनल कापून नवी पाटी खाली वेल्ड करायची. वेल्डिंगने बेस वाकतो, आणि ती पाटी मशीन करून सपाट केली नाही तर मोटरचे चारही पाय टेकत नाहीत. तिसरा, मोटर परत करून १००एल आणायची. माझे मत तिसऱ्याच्या बाजूने आहे. मोटर का जळली हा प्रश्न तर तसाच आहे: कन्व्हेयरमध्ये माल अडकतो का, बेअरिंग जाम आहे का, एक फेज जाते का, ओव्हरलोड रिले नीट लावला आहे का. पाचची मोटर घातली आणि कन्व्हेयर अडकला, तर या वेळी गिअरबॉक्स किंवा चेन तुटेल.

आता हीच अदलाबदल फ्लँजमध्ये करून बघा. गिअरबॉक्सच्या तोंडावर १००एल, बी५ मोटर बसवलेली होती आणि तिथे ११२एम, बी५ आणली. भोकांचे वर्तुळ २१५, स्पिगॉट १८०, शाफ्ट २८, लांबी ६०. सगळे जुळते. मोटर सरळ आत जाते, कारण फ्लँजच्या मोटरला तळच नाही. तिचा मध्य गिअरबॉक्सचे तोंड ठरवते. फूट मोटरमध्ये फ्रेमचा आकडा ही खरी उंची आहे. फ्लँज मोटरमध्ये तोच आकडा फक्त सांगतो की कोणती फ्लँज आणि कोणता शाफ्ट येणार. त्याच दोन मोटरी, एकीकडे बसत नाहीत आणि दुसरीकडे बिनतक्रार बसतात, त्याचे कारण हे. अर्थात बसली म्हणून गिअरबॉक्सला पाचचा भार झेपेलच असे नाही. गिअरबॉक्सची नेमप्लेट वेगळी वाचावी लागते.

## पायरी ६: फूट माउंट मोटर बसवण्याचा क्रम

१. बेसवरची जागा घासून साफ करा. जुने शिम, रंग, गंज, तूरचुरी काढा. पायाखाली अडकलेला एक खडा पूर्ण जुळवणी बिघडवतो.

२. मोटर कपलिंग न लावता नुसती चालवून फिरण्याची दिशा बघा. उलटी फिरली तर तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलून टाका. कपलिंग लावल्यावर उलटे फिरले तर काही मशीन आणि गिअरबॉक्सचे नुकसान होते.

३. सप्लाय पुन्हा बंद करून कपलिंग बसवा. हातोडा मारू नका. शाफ्टवर मारलेला प्रत्येक घाव मागच्या बेअरिंगवर जातो. बऱ्याच मोटरींच्या शाफ्टच्या टोकाला आट्यांचे भोक असते, २८ च्या शाफ्टला ते एम१० चे. त्यात लांब स्टड घालून नटाने कपलिंग आत ओढून घ्या. घट्ट जात असेल तर कपलिंग थोडे गरम करा.

४. मोटर जागेवर ठेवून बोल्ट हाताने लावा. एक पाय हवेत आहे का बघा. चारही बोल्ट आवळा, मग एकेक बोल्ट ढिला करून त्या पायाखाली फिलर गेज घाला. ०.०५ पेक्षा जास्त पाती शिरली तर तेवढ्याच जाडीचा शिम फक्त त्या पायाखाली द्या. हे केल्याशिवाय पुढच्या पायरीवर जाऊ नका. वाकलेल्या बॉडीवर केलेली जुळवणी टिकत नाही.

५. आता उंची. कारखान्यातून येणारी मोटर तिच्या फ्रेमच्या आकड्यापेक्षा वर कधी नसते, अर्ध्या मिलिमीटरपर्यंत खाली असू शकते. १६० पर्यंतच्या सगळ्या फ्रेमना ही सूट लागू आहे. त्यामुळे योग्य फ्रेमची मोटर आणली तरी ०.१ ते ०.५ चे शिम लागू शकतात, आणि ते चारही पायांखाली सारखे द्यायचे असतात. मोटर ठेवताच अर्ध्या मिलिमीटरच्या आत खाली आली तर घाबरू नका, तशीच ती बनवलेली असते.

६. कपलिंगच्या दोन अर्ध्यांवर सरळ पट्टी टेकवा: वर, खाली, दोन्ही बाजूंना, चार ठिकाणी. पट्टीखालून उजेड दिसला तर फिलर गेजने मोजा. ०.१ च्या आत आणा. मग दोन अर्ध्यांमधली फट चार ठिकाणी मोजा. ती सगळीकडे सारखी हवी.

७. बोल्ट पूर्ण आवळा आणि पट्टी पुन्हा लावा. आवळताना मोटर हलते, म्हणून शेवटचे माप आवळल्यावरचेच खरे.

सावध: जुनी मोटर ११२ ची आणि नवी १०० ची असेल, तर १२ मिलिमीटर भरून काढावे लागतात. इथे वॉशर रचू नका. प्रत्येक पायाखाली सहा-सहा वॉशर घातलेल्या मोटरी मी बघतो. काही आठवड्यांत ते दबतात, बोल्ट ढिले होतात आणि कपलिंगचे बुश चुरा होऊन खाली पडतात. दोन्ही बाजू मशीन केलेली १२ ची एकच प्लेट पूर्ण पायाच्या लांबीची घ्या, आणि बोल्टही तेवढेच लांब घ्या.

## पायरी ७: फ्लँज माउंट मोटर बसवण्याचा क्रम

गिअरबॉक्सच्या तोंडावर जुने गॅस्केट आणि ग्रीस चिकटलेले असते. ते काढा, स्पिगॉटची खाच बोटाने तपासा. तिथे ठेच लागून कड उठली असेल तर बारीक कानसने काढा.

शाफ्टला आणि चावीला ग्रीसचा पातळ थर द्या. गिअरबॉक्सच्या पोकळ भोकात शाफ्ट वर्षभर बसून राहतो आणि गंजून तिथेच अडकतो. नंतर मोटर काढताना गिअरबॉक्सच फुटतो.

मोटर हातांनी आत सरकवा. स्पिगॉट खाचेत गेला की फ्लँज सगळीकडून टेकली पाहिजे, आणि हे बोल्ट आवळण्याआधी झाले पाहिजे. फट राहिली तर बोल्टांनी ओढून बंद करू नका. बहुधा चावी लांब असते किंवा शाफ्ट आत कुठेतरी टेकलेला असतो, आणि ओढले की बेअरिंगवर दाब येतो. टेकल्यावर चार बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. भोके चौकोनात सारखी असल्यामुळे मोटर पाव वळणाने फिरवून बसवता येते. टर्मिनल बॉक्स अशा बाजूला घ्या की केबल खालून आत जाईल. वरून आलेल्या केबलवरून पावसाचे पाणी थेट बॉक्समध्ये उतरते.

आता ८० आणि ९० ची जोडी. गिअरबॉक्सवर १ एचपी, ९६० आरपीएम, ९०एस ची बी५ मोटर होती. दुकानातून १ एचपी आणली, ती १४४० ची, फ्रेम ८०. फ्लँजचे वर्तुळ १६५, स्पिगॉट १३०, चार बोल्ट बरोबर लागले. पण शाफ्ट १९ चा आणि गिअरबॉक्सचे भोक २४ चे, म्हणजे सगळीकडून अडीच मिलिमीटर मोकळे. मग लेथवाल्याकडून बुश करून घेतात. अडीच मिलिमीटर जाडीच्या बुशमध्ये चावीचा गाळा पाडला की तिथे जवळजवळ काही उरत नाही, आणि मोटरची चावी ६ ची तर गिअरबॉक्सची ८ ची. असा बुश हंगामाच्या मध्यात फाटतो. शिवाय स्पीड दीडपट झाला, म्हणजे पुढचे मशीनही दीडपट वेगाने पळणार. बोल्ट लागले म्हणून मोटर बरोबर आहे असे मानू नका. शाफ्ट भोकात हाताने सरकला पाहिजे आणि सोडल्यावर हलता कामा नये.

बी१४ साठी सावध: बोल्ट मोटरच्या आट्यांत जातात. लांब बोल्ट घातला तर तो तळाला टेकतो, आवळल्यासारखा लागतो, पण फ्लँज ढिलीच राहते. जुन्या बोल्टच्या लांबीचाच बोल्ट घ्या.

बी३५ साठी सावध: आधी फ्लँज पूर्ण आवळा. मग पायांखालची फट फिलरने मोजून तेवढाच शिम घाला आणि शेवटी पाय आवळा. आधी पाय आवळून मग फ्लँज ओढली तर फ्लँजच्या मानेला तडा जातो.

उभ्या मोटरसाठी सावध: शाफ्ट खाली असलेली मोटर उघड्यावर असेल तर पंख्याच्या जाळीवर टोपी हवी, नाहीतर पाऊस सरळ आत. आणि शाफ्ट गिअरबॉक्सच्या तेलात उतरत असेल, तर मोटर मागतानाच शाफ्टवर ऑइल सील असलेली मागा. सील नसलेल्या मोटरमध्ये तेल हळूहळू वाइंडिंगपर्यंत पोचते.

## पायरी ८: चालू केल्यावर

पहिले अर्धा तास मोटर मालाशिवाय चालवा. हात पायांजवळच्या बेसवर ठेवून कंपन बघा. कंपन जास्त असेल तर मोटर चालू असताना एकेक पायाचा बोल्ट ढिला करून बघायची सवय काही मिस्त्रींना आहे. ते करू नका. बंद करा, फ्यूज काढा आणि पायरी ६ मधला चौथा मुद्दा पुन्हा करा. मग माल टाकून तिन्ही फेजचा करंट क्लॅम्प मीटरने मोजा. तो नेमप्लेटवरच्या करंटच्या आत आणि तिन्ही फेजमध्ये जवळपास सारखा हवा.

आठवड्याने बोल्ट पुन्हा आवळून बघा आणि कपलिंगच्या खाली नजर टाका. काळा रबराचा चुरा दिसला तर जुळवणी सरकली आहे.

काळ्या मातीतल्या फाउंडेशनसाठी आणखी एक काम आहे. आपली भारी जमीन पावसात फुगते आणि मे महिन्यात भेगाळते, आणि वर कमी खोलीचे फाउंडेशन असेल तर तेही त्याबरोबर हलते. विहिरीच्या काठावरच्या पंपाची मोटर आणि पंप वेगवेगळ्या कट्ट्यांवर असतील, तर एका पावसाळ्यात दोन्ही शाफ्टची उंची एकमेकांपासून सरकू शकते, मोटर कितीही बरोबर फ्रेमची असो. म्हणून अशा ठिकाणी दोन्हींसाठी एकच चॅनलचा बेस घ्या आणि पावसाळ्यानंतर, खरिपाची सोंगणी झाली की, पट्टी लावून चार ठिकाणचे माप पुन्हा घ्या. एकदा शिमची जाडी बदलली की ती मोटरच्या टर्मिनल बॉक्सच्या झाकणावर आतून पेनाने लिहून ठेवा, फ्रेमच्या आकड्यासकट.